नैराश्यावरचं लघु समुपदेशन जिल्हाभर न्यायचं असेल तर: परवानग्या, पात्रता आणि कागदपत्रं

गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्राम’ हा नैराश्यावरचा लघु समुपदेशनाचा उपचार तपासला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. समुपदेशक मानसोपचाराचं कुठलंही पूर्वशिक्षण नसलेले स्थानिक लोक होते. ६ ते ८ बैठकांत ते रुग्णाला सुटलेली रोजची कामं आणि माणसं पुन्हा धरायला मदत करत. तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात ३९ टक्के. त्यामुळे तुमच्या संशोधन प्रस्तावात ‘उपचार चालतो का’ हा प्रश्न पुन्हा मांडू नका. जिल्ह्याची यंत्रणा तो किती जणांपर्यंत पोचवते आणि गळती कुठे होते, हे विचारा.

कोण पात्र? गोव्यातले निकष सरळ घेता येतात. रुग्णाचं वय १८ ते ६५ आणि नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीत २७ पैकी १५ किंवा जास्त गुण. समुपदेशक किमान दहावी पास, गावची बोली बोलणारा. आशाताईंना हे काम द्यायचं असेल, तर त्यांच्या कोणत्या कामातून वेळ निघणार आणि मोबदला कुठल्या शीर्षातून मिळणार, हे प्रस्तावातच लिहा. ‘आशांमार्फत’ एवढं लिहून भागत नाही.

परवानग्यांचा क्रम. आधी नैतिकता समिती. ती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली हवी. संस्थेची स्वतःची नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या समितीशी करार करता येतो. अर्जाला संशोधन आराखडा, प्रश्नावल्या, मराठी माहितीपत्रक व संमतीपत्र, संशोधकांचे परिचय आणि अंदाजपत्रक जोडा. अडतो तो बहुधा आणखी एक कागद: आत्महत्येच्या धोक्याची कार्यपद्धती. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दलच आहे. त्याला शून्याहून जास्त गुण आले तर त्याच दिवशी कोण बोलणार, कोणत्या डॉक्टरकडे पाठवणार आणि रात्री फोन कोण उचलणार, हे पदनामासकट लिहा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९९ नुसार मुक्त व माहितीपूर्ण संमती बंधनकारक आहे.

समितीचं पत्र आलं की क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया, म्हणजे सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी. ती मोफत आहे, पण पहिला सहभागी घेण्याआधीच व्हायला हवी. परदेशी निधी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही लागते.

महाराष्ट्रात आरोग्य सेवेची एक नाही, दोन पत्रं धरून चला. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, तर ग्रामीण व जिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. तपासणी पहिल्यांच्या हद्दीत होते, मानसोपचारतज्ज्ञ दुसऱ्यांच्या. एकच पत्र घेऊन काम सुरू केलंत की संदर्भ चिठ्ठीवर गेलेला रुग्ण मधेच हरवतो.

काय मोजणार? पोच, परिणाम, स्वीकार, अंमलबजावणी आणि टिकाव या पाच कसोट्यांची ‘री-एम’ चौकट पुरेशी आहे. एक काल्पनिक केंद्र घेऊ. महिन्यात १००० प्रौढ ओपीडीत आले, त्यांपैकी ४०० जणांची तपासणी झाली आणि २० पात्र निघाले. १४ जण पहिल्या बैठकीला आले, ८ जणांनी उपचार पूर्ण केला, ५ जण बरे झाले, म्हणजे त्यांचे गुण १० च्या खाली गेले. अहवालात ‘८ पैकी ५’ लिहिलं तर ६२.५ टक्के यश दिसतं. पात्र २० धरले तर २५ टक्के. आणि न तपासलेल्या ६०० जणांतही प्रमाण तेच असेल, तर केंद्रात ५० गरजू होते; बरे झाले त्यांतले १० टक्के. तिन्ही छेद आधीच जाहीर करा. अर्ध्यात सोडून गेलेल्यांचीही तीन महिन्यांनी प्रश्नावली भरून घ्या. नाहीतर उरलेल्यांचंच कौतुक होतं.

गळतीची जागा बघितली की अडसर कळतो. तपासणीच कमी असेल तर ओपीडीच्या गर्दीत नर्सला वेळ नाही, किंवा वैद्यकीय अधिकारी बदलून गेले आणि नव्यांना कुणी सांगितलंच नाही. पात्र ठरूनही लोक बसत नसतील तर खोली बघा: लसीकरणाच्या टेबलाशेजारी, उघड्या दारात कुणीही रडणार नाही. बैठका पूर्ण होऊनही गुण उतरत नसतील तर दर्जा तपासा. गोव्यात समुपदेशक बैठकांचं ध्वनिमुद्रण गटात ऐकून एकमेकांना गुण देत. जिल्हा पातळीवर सगळ्यात आधी ही ध्वनिमुद्रण ऐकण्याचीच बैठक रद्द होते, म्हणून अशा झालेल्या-न झालेल्या बैठकांची नोंद हाही एक निर्देशांक ठेवा.

टिकाव तपासायला प्रकल्पाची माणसं निघून गेल्यावर सहा आणि बारा महिन्यांनी तीच गणती परत करा. त्या काळात समुपदेशकाचं मानधन कोण देणार, याचं पत्र अर्जासोबतच मागून घ्या.