रशियन कंपनीतला राजीनामा: अर्ज वेगळा, आभारपत्र वेगळे

रशियातील कंपनी सोडणाऱ्या सॉफ्टवेअर अभियंत्याला बहुधा दोन कागद लिहावे लागतात, आणि आपल्याकडच्या सवयीने लिहिणारा ते एकाच पत्रात उरकू पाहतो. पहिला कागद म्हणजे ‘झायाव्लेनिये’, अर्थात स्वेच्छेने सेवामुक्त करण्याचा अर्ज. दुसरे सहकाऱ्यांना लिहिलेले निरोपाचे पत्र. नोकरी कायदेशीरपणे संपते ती पहिल्याने. दुसऱ्याला कायद्याच्या दृष्टीने काहीच वजन नाही.

अर्ज फार कोरडा असतो. वर उजवीकडे संचालकाचे पद, कंपनीचे नाव, त्याखाली अर्जदाराचे नाव आणि करारात लिहिलेले पदनाम येते. संघात सगळे ‘सीनियर’ म्हणत असले तरी करारात ‘अभियंता-प्रोग्रामर’ असेल, तर तेच लिहावे. मग एकच वाक्य: ‘मला स्वेच्छेने 1 जुलै 2026 रोजी सेवामुक्त करावे, ही विनंती.’ शेवटी तारीख आणि सही. येथे ‘1 जुलैपासून’ असे लिहिणे टाळावे, कारण त्यातून शेवटचा कामाचा दिवस 30 जून की 1 जुलै, असा वाद उद्भवतो.

श्रम संहितेच्या कलम 80 नुसार सर्वसाधारण कर्मचाऱ्याने किमान दोन आठवड्यांची लेखी सूचना द्यायची असते, आणि मुदत अर्ज कंपनीच्या हाती पडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. 1 जूनला दिलेल्या अर्जावर 15 जूनलाच सुटता आले असते. 1 जुलै ही तारीख घालून अभियंता महिन्याची मुदत स्वतःहून देतो, आणि त्याआधी या अर्जाच्या आधारे कंपनी त्याला एकतर्फी काढू शकत नाही. मुदत संपेपर्यंत अर्ज मागेही घेता येतो; मात्र त्या जागी दुसऱ्याला लेखी बोलावले असेल आणि त्याला कायद्याने नकार देता येत नसेल, तर नाही. अर्जाच्या दोन प्रती काढून एकीवर मनुष्यबळ विभागाची पोच घेतलेली बरी.

‘काम हस्तांतरित होताच, साधारण महिन्याभरात’ असे सौजन्याचे वाक्य याच अर्जात घातले, तर तारीखच अनिश्चित होते. त्याची जागा निरोपाच्या पत्रात आहे. माझ्या मते तेही चार-पाच वाक्यांचे असावे, आणि आभार नेमके असावेत: चाचण्यांची व्यवस्था कोणी बसवून दिली, रात्रीच्या बिघाडात कोण सोबत जागले. कोणता विभाग आता कोणाकडे सोपवला आणि शेवटचा दिवस कोणता, हेही त्यात सांगावे, आणि ती तारीख अर्जातलीच असावी. हे पत्र अर्जाची पोच मिळाल्यावर धाडावे. संघाला आधी कळले आणि संचालकाला नंतर, तर आभाराचे पत्रच कुरबुरीचे कारण ठरते.