न सापडलेला मध्यस्थ: तंतुकणिकेतल्या एटीपीचं कोडं कसं सुटलं

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफिनॉल नावाची पिवळी भुकटी वापरत. ती हाताळणारे कामगार घामाने निथळायचे, अंग तापायचं, वजन उतरत जायचं. काही जण त्यातच दगावले. पुढे 1933 पासून अमेरिकेत हेच डीएनपी वजन घटवायचं औषध म्हणून खपलं. लोक बारीक झाले खरे, पण काहींना मोतीबिंदू झाला, काही तापाने गेले, आणि 1938 मध्ये ते थांबवावं लागलं.

शरीरात अन्न जळत होतं, ऑक्सिजन वापरला जात होता, पण ऊर्जा नुसती उष्णता होऊन निघून जात होती. 1948 मध्ये लूमिस आणि लिपमन यांनी दाखवलं की डीएनपी घातलं की श्वसन चालू राहतं, पण पेशीची ऊर्जा साठवून वापरायला देणारा रेणू, म्हणजे एटीपी, बनणं मात्र थांबतं. म्हणजे या दोन क्रियांना जोडणारी एक कडी आहे आणि डीएनपी नेमकी तीच तोडतं. ही कडी कोणती, या प्रश्नावर पुढची 25 वर्षं जीवरसायनशास्त्रज्ञ भांडले.

सुरुवातीचा तर्क अगदी रास्त होता. ग्लुकोजच्या विघटनात काही एटीपी थेट बनतो. तिथे आधी फॉस्फेट जोडलेला एक उच्च ऊर्जेचा रेणू तयार होतो आणि तो आपलं फॉस्फेट एडीपीला, म्हणजे एक फॉस्फेट कमी असलेल्या एटीपीला, देऊन टाकतो. तो रेणू बाटलीत वेगळा काढता येतो. मग पेशीत श्वसन जिथे चालतं त्या तंतुकणिकेतही असाच एखादा मध्यस्थ असणार, असं 1953 मध्ये स्लेटर यांनी मांडलं. इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या साखळीकडून ऊर्जा घ्यायची आणि एटीपी बनवणाऱ्या विकराकडे पोचवायची, हे त्याचं काम. कागदावर त्याचा बंध नागमोडी रेघेने दाखवत. रेघ सगळ्यांच्या आकृत्यांत होती, रेणू कोणाच्याच नळीत सापडला नाही.

आणखी एक गोष्ट बोचत होती. तंतुकणिकेचं आतलं पटल फाटलं, गळकं झालं, की विकरं शाबूत असूनही एटीपी बनत नसे. मध्यस्थ जर साधा रेणू असेल, तर पिशवी अखंड असण्याची गरज काय? मला वाटतं, खरा धागा इथेच होता. बहुतेकांना ती प्रयोगातली अडचण वाटली. एडिंबरातल्या पीटर मिचेल यांना ते उत्तर वाटलं.

मिचेल यांचा पिंड जिवाणूंच्या पटलातून पदार्थ आत-बाहेर कसे जातात हे पाहणाऱ्याचा. 1961 मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये मांडलं की मध्यस्थ रेणू नाहीच. इलेक्ट्रॉन साखळीतून सरकताना प्रोटॉन पटलाच्या आतून बाहेर ढकलले जातात. पटल त्यांना सहज परत येऊ देत नाही. बाहेर प्रोटॉन जास्त आणि धन भार जास्त, आत दोन्ही कमी. पाणी अडवून ठेवलेल्या धरणासारखा हा ताण, आणि परतीची वाट एटीपी बनवणाऱ्या विकरातून. डीएनपीचं कोडं याने लगेच सुटतं. ते सौम्य आम्ल आहे आणि मेदात विरघळतं, त्यामुळे बाहेर प्रोटॉन उचलून पटलातून आत नेऊन सोडतं. धरणाला भगदाड पडतं. पंप जोरात चालू, पण पाणी साठतच नाही.

ही कल्पना फारशी कोणी मनावर घेतली नाही. पोटाच्या अल्सरमुळे मिचेल यांनी 1963 मध्ये विद्यापीठ सोडलं. कॉर्नवॉलमध्ये बॉडमिनजवळचा ग्लिन हाउस हा पडका वाडा दुरुस्त करून त्यांनी तिथेच सहकारी जेनिफर मॉयल यांच्यासोबत प्रयोगशाळा थाटली. त्यांचा एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. तंतुकणिका ऑक्सिजन नसलेल्या द्रावणात ठेवायच्या, सामू मोजणारा इलेक्ट्रोड बुडवायचा आणि थोडंसं ऑक्सिजनयुक्त पाणी टोचायचं. काटा ताबडतोब आम्लाकडे झुकतो, कारण प्रोटॉन बाहेर पडलेत. ऑक्सिजन संपला की तो हळूहळू मागे येतो. डीएनपी असेल तर झपाट्याने येतो.

पण याने प्रोटॉन बाहेर पडतात एवढंच कळलं. त्यांच्यामुळेच एटीपी बनतो कशावरून? इथे उपयोगी पडलं पालकाचं पान. हरितलवकातही असंच पटल आणि असंच विकर असतं, फक्त तिथे प्रोटॉन पिशवीच्या आत साठतात. 1966 मध्ये जेगनडॉर्फ आणि उरिबे यांनी ही पटलं अंधारात सामू 4 च्या आम्लात भिजवली, म्हणजे पिशव्यांचा आतला भागही आम्लधर्मी झाला. मग एडीपी आणि फॉस्फेट घालून बाहेरचा सामू एकदम 8 केला. क्षणभर आत 4, बाहेर 8. प्रकाश नाही, इलेक्ट्रॉनची हालचाल नाही, आणि तरीही एटीपी बनला. मध्यस्थ रेणू तयार व्हायला वावच ठेवलेला नव्हता. 1974 मध्ये रॅकर आणि स्टोकेनियस यांनी यावर कळस चढवला. मेदाच्या कृत्रिम पिशवीत त्यांनी जिवाणूचा प्रकाशावर चालणारा प्रोटॉनपंप आणि बैलाच्या हृदयातलं तंतुकणिकेचं विकर बसवलं. उजेड पाडला की एटीपी बनू लागला. चार वर्षांनी मिचेल यांना नोबेल मिळालं.

प्रोटॉन आत येताना विकरात काय करतात, याबाबत मात्र मिचेल चुकले. प्रोटॉन थेट रासायनिक क्रियेत भाग घेतात असं त्यांना वाटे. पॉल बॉयर यांनी वेगळंच दाखवलं: विकराच्या खाचेत एटीपी जवळजवळ फुकट बनतो, ऊर्जा लागते ती बनलेला एटीपी सोडवायला. अशा खाचा तीन, आणि त्या आळीपाळीने पकडतात, जोडतात, सोडतात. 1994 मध्ये जॉन वॉकर यांच्या गटाने स्फटिकावरून रचना काढली तेव्हा तिन्ही खाचा खरोखरच तीन वेगळ्या अवस्थांत दिसल्या, मधोमध एक वाकडा दांडा. 1997 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी विकराचं डोकं काचेला चिकटवलं, दांड्याला चमकणारा अ‍ॅक्टिनचा धागा जोडला आणि एटीपी घातला. सूक्ष्मदर्शकाखाली धागा गरगर फिरू लागला. हे उलट्या दिशेने चाललेलं यंत्र होतं: पेशीत प्रोटॉन दांडा फिरवतात आणि एटीपी बनतो.

दांड्याच्या मुळाशी पटलात एक कडं असतं. एकेक प्रोटॉन त्यावर चढतो आणि कडं थोडं सरकतं. गाईबैलांच्या तंतुकणिकेत या कड्याला 8 पाकळ्या असतात. एक पूर्ण फेरा म्हणजे 8 प्रोटॉन आणि 3 एटीपी. शिवाय फॉस्फेट व एडीपी आत आणून एटीपी बाहेर पाठवायला दर एटीपीमागे आणखी एक प्रोटॉन खर्ची पडतो. म्हणजे एका एटीपीला सुमारे 3.7.

अन्नातले इलेक्ट्रॉन साखळीपर्यंत आणणाऱ्या एनएडीएचच्या एका रेणूमुळे साधारण 10 प्रोटॉन बाहेर जातात, म्हणून त्याच्यापासून फार तर पावणेतीन एटीपी. जुन्या पाठ्यपुस्तकांत हा आकडा पूर्ण 3 असे आणि एका ग्लुकोजमागे 38 एटीपी धरले जात. मध्यस्थ रेणू असता तर पूर्णांक येणं भागच होतं, कारण अर्धा रेणू हस्तांतरित होत नाही. प्रोटॉनच्या साठ्याला ती अट नाही. त्यातले काही पटलातून असेच झिरपतातही. म्हणून आता ग्लुकोजमागचा हिशोब 30 ते 32 च्या आसपास धरतात.