गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतील पोटदुखी

सातव्या महिन्यापासून बाळंतपणापर्यंत पोटात दुखणे ही जवळजवळ प्रत्येक गरोदर बाईची तक्रार असते. बहुतेक वेळा हे दुखणे ताणाचे असते, काही वेळा ती प्रसूतीची सुरुवात असते आणि क्वचित प्रसंगी त्यामागे आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतणारे कारण असते. किती दुखते यावरून हे तीन प्रकार ओळखता येत नाहीत, कारण ताणाची चमक कधीकधी ओरडायला लावते आणि धोक्याचे दुखणे नुसते जड, कंटाळवाणे असू शकते. त्यापेक्षा दोन गोष्टी जास्त सांगून जातात. दुखणे मध्येच पूर्ण थांबते का, आणि थांबल्यावर पोट मऊ पडते का?

ताणाचे दुखणे मुख्यतः राउंड लिगामेंटचे असते. गर्भपिशवीच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांपासून एकेक दोरीसारखा बंध निघतो आणि जांघेतून खाली योनीच्या बाहेरच्या ओठांपर्यंत जातो. एरवी १०-१२ सेंटीमीटर असणारा हा बंध पिशवी वाढेल तसा ताणला जातो. कुशीवर वळताना, खाटेवरून झटक्यात उठताना, शिंकताना किंवा खोकताना त्याला हिसका बसतो आणि ओटीपोटाच्या एका बाजूला, जांघेकडे जाणारी सणसणीत चमक येते. वाढलेली गर्भपिशवी थोडी उजवीकडे कललेली असल्याने ती बऱ्याचदा उजवीकडे येते. ही चमक काही सेकंद, फार तर एक-दोन मिनिटे टिकते. जी हालचाल केली तीच पुन्हा केली की ती पुन्हा येते, आणि त्या बाजूचा गुडघा पोटाकडे घेतला की सुटते. पोट कडक होत नाही, अंगावर काही जात नाही, बाळ नेहमीसारखे हलत असते. उठताना आधी कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन बसले आणि शिंकेच्या वेळी कमरेत थोडे वाकले, तर निम्मा त्रास टळतो. बसून राहिले तरीही तासभर दुखत राहिले, तर ते बंधाचे दुखणे धरून चालू नये.

कळ म्हणजे गर्भपिशवीचा स्नायू आवळणे, आणि ते हाताला कळते. बोटांची टोके बेंबीच्या वरच्या भागावर हलकेच ठेवावीत. कळ नसताना पोट गालासारखे दबते, जोराची कळ आली की ते कपाळासारखे लागते आणि कळ ओसरली की पुन्हा गालासारखे होते. खोट्या कळांतही पोट आवळते, पण कधी वीस मिनिटांनी, कधी आठ, तर कधी तासभर नाही, असा त्यांचा हिशेब लागत नाही. लघवी करून, दोन पेले पाणी पिऊन डाव्या कुशीवर तासभर पडले की त्या बहुधा विरतात. खऱ्या कळा विरत नाहीत. त्या अनेकदा कमरेतून सुरू होऊन पुढे येतात, त्यांतले अंतर कमी होत जाते आणि प्रत्येक कळ आधीच्या कळेपेक्षा लांबते. अंतर मोजताना एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ धरायचा. अनेक घरांत तो कळ संपल्यापासून मोजतात आणि त्यामुळे अंतर खरे असते त्यापेक्षा कमी भासते.

दिवस भरलेल्या पहिलटकरणीने दर पाच मिनिटांनी, साधारण मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर आल्या की निघावे, हा ढोबळ नियम ठीक आहे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला किंवा दवाखाना लांब असेल तर एवढे थांबू नये. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत हा नियम लावूच नये. तेव्हा तासात चार-पाच वेळा पोट आवळले किंवा कमरेत लाटांसारखे दुखू लागले, तर लगेच तपासून घ्यावे. २४ ते ३४ आठवड्यांत प्रसूती सुरू होत असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनचे ६ मिलिग्रॅमचे चार डोस दर १२ तासांनी देतात. घरी वाट पाहण्यात गेलेला प्रत्येक तास त्यातूनच कापला जातो.

सगळ्यात फसवे दुखणे असते वार वेळेआधी सुटण्याचे. एक उदाहरण पाहू. ३५ आठवड्यांची पहिलटकरीण, मागच्या तपासणीत रक्तदाब १४०/९० भरलेला. दुपारी कमरेत आणि पोटात दुखू लागते. घरच्यांना वाटते कळा सुरू झाल्या, आणि अंगावर काहीच गेलेले नसल्यामुळे घाई वाटत नाही. सासूबाई घड्याळ घेऊन बसतात, पण दोन कळांमधले अंतर काही मोजता येत नाही. "आत्ता थांबली का गं?" या प्रश्नाला दर वेळी "नाही" हेच उत्तर येते. पोटावर हात ठेवला तर ते फळीसारखे लागते, मऊ पडत नाही, दाबले की ती हात झटकते. सकाळपासून बाळ हलल्याचेही तिला आठवत नाही. इथे निदान त्या न सापडलेल्या अंतरातच आहे. वार आणि पिशवीची भिंत यांच्यामध्ये रक्त साठते आणि पिशवीला सैल पडू देत नाही. ते बाहेर आलेच पाहिजे असे नाही, म्हणून दिसणाऱ्या रक्तावरून किती गेले याचा अंदाज बांधणे चूक ठरते. सोनोग्राफीत ही गुठळी दिसली नाही, तरी वार सुटलेली असू शकते. अशा बाईला डाव्या कुशीवर झोपवून, तोंडाने काही न देता, जिथे रक्त आणि सिझरची सोय आहे तिथे थेट नेले पाहिजे. महाराष्ट्रात १०८ ला फोन करताना "गरोदर आहे, पोट कडक आहे, सैल होत नाही" हे शब्द सांगावेत. पडल्यावर, पोटाला मार लागल्यावर किंवा गाडीच्या अपघातानंतर बरे वाटत असले, तरी काही तास देखरेख लागते ती याच भीतीने.

दुसरे दुखणे ॲसिडिटी म्हणून अंगावर काढले जाते. उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खड्ड्यात सतत दुखणे, सोबत मळमळ, डोके ठणकणे किंवा डोळ्यांपुढे काजवे, असे असेल तर ती रक्तदाबाची गुंतागुंत असू शकते आणि तिने यकृतालाही धरलेले असू शकते. जेवणानंतर जळजळणारी, अँटासिडने उतरणारी ॲसिडिटी वेगळी. विसाव्या आठवड्यानंतर वरच्या पोटातले नवे दुखणे रक्तदाब मोजल्याशिवाय ॲसिडिटी ठरवू नये. १६०/११० किंवा त्यावर आकडा गेला की झटके येण्याचा धोका असतो, म्हणून त्याच तासात उपचार लागतात.

आधी सिझर झालेल्या बाईला जुन्या टाक्यावर कळांच्या मधल्या वेळातही दुखत राहिले, तर पिशवी फाटण्याची शंका घेतात. ताप, लघवीला आग आणि कुशीत दुखणे हे मूत्रमार्गाच्या संसर्गाचे लक्षण असते, आणि त्यातून कळाही सुरू होऊ शकतात. अपेंडिक्सचे दुखणे मात्र ताणाच्या चमकेशी सहज मिसळते. ते हालचालीपुरते न राहता तासागणिक वाढते आणि भूक मरते.

तपासणीआधी पोट चोळून घेणे आणि एरंडेल पिणे, दोन्ही टाळावे. ब्रुफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या शेवटच्या महिन्यांत स्वतःहून घेऊ नयेत, कारण त्यांनी बाळाच्या हृदयाजवळची एक महत्त्वाची रक्तवाहिनी वेळेआधी आकसू शकते. ताणाच्या दुखण्याला पॅरासिटामॉल पुरते. तेही घेण्याआधी पोटावर हात ठेवून ते मऊ पडते ना, एवढे पाहावे.