‘करमत नाही’ म्हणजे एकटेपणा की नैराश्य?

“पोरगं पुण्याले गेलं, आता करमत नाही.” वऱ्हाडातल्या गावात हे वाक्य रोज कानावर पडतं. पंचाईत अशी की एकटी पडलेली आजीही हेच म्हणते आणि नैराश्यात बुडालेले आबाही हेच म्हणतात. उपाय मात्र दोघांचे वेगळे.

समजा, आजी घरात एकट्याच राहतात. सोबतीची उणीव, वगळल्यासारखं वाटणं, तुटल्यासारखं वाटणं या तीन गोष्टी किती वेळा जाणवतात, ते आशाताई विचारतात. प्रत्येक उत्तराला १ ते ३ गुण. आजींचे ९ पैकी ८ झाले. ६ किंवा जास्त झाले की एकटेपणा धरतात. पण नातीचा व्हिडिओ कॉल आला की त्या खुलतात, शेजारीण आली की चहा टाकतात. त्यांना माणसं हवीत: आठवड्याचे ठरलेले वार, भजनी मंडळ, अंगणवाडीतल्या पोरांना गोष्टी सांगायचं काम. नुसती भेट देण्यापेक्षा त्यांच्याकडून काही मागणं जास्त लागू पडतं.

आबांचं वेगळं. घरात बायको आहे, तरी दिवाळीला मुलगा आला तेव्हाही ते बाजेवरून उठले नाहीत. त्यांना गेल्या दोन आठवड्यांबद्दल दोन प्रश्न: कशातच गोडी वाटत नाही, असं किती दिवस झालं? मन उदास, हताश किती दिवस होतं? प्रत्येकी ० ते ३ गुण. बेरीज ३ किंवा जास्त आली की पूर्ण तपासणी हवी. आबांची ५ आली. ते उदासीबद्दल बोललेच नव्हते. अंगात बळ नाही, झोप नाही, भूक नाही, एवढंच सांगत होते. म्हणून रक्तक्षय आणि थायरॉइडही तपासावे लागतात.

अशा माणसाला भजनात नेऊन बसवलं तर चूक होते. तो बसतो, पण “मी साऱ्यांले ओझं झालो” हेच मनात घोळतं. त्याला ठरवून दिलेली छोटी कामं लागतात: सकाळी बांधापर्यंत चालणं, मग गोठ्यातलं एक काम. मन लागेल तेव्हा करू, असं नाही. आधी काम, गोडी मागाहून येते. गोव्यात डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी ६ ते ८ भेटींत हे केलं आणि गुण आला. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमानंतर नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आजार तीव्र असेल तर मात्र डॉक्टर आणि औषध हवंच.

दोन्ही एकत्रही असतात. आजी वर्षभर एकट्या राहून आबांसारख्या होऊ शकतात, म्हणून दोन प्रश्न त्यांनाही मधूनमधून विचारावेत.

आबांना आणखी एक प्रश्न सरळ विचारायचा: “जगणं नको वाटते का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्यांना एकटं सोडायचं नाही, घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी दुसरीकडे कुलपात ठेवायचं आणि १४४१६ या टेली-मानस मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या मोफत क्रमांकावर फोन लावायचा.