श्रम परिव्यय : कालदर, कार्यदर आणि निष्क्रिय वेळ

कामगाराला त्याने कारखान्यात घालवलेल्या वेळेप्रमाणे मजुरी द्यायची की त्याच्या हातून उतरलेल्या नगांप्रमाणे द्यायची, यावरून वेतनाच्या दोन मुख्य पद्धती पडतात. पहिलीला कालदर वेतन म्हणतात व दुसरीला कार्यदर वेतन. बोलण्यात त्यांनाच रोजावरचे काम आणि नगावरचे काम म्हटले जाते. ज्या वेळेची मजुरी द्यावी लागते परंतु ज्या वेळेत उत्पादन होत नाही, ती निष्क्रिय वेळ होय. कालदरात ही वेळ मजुरीच्या रकमेत उघड दिसते. कार्यदरात ती दिसेनाशी होते आणि त्यामुळे अनेक लहान कारखानदार तिचा खर्च शून्य धरतात. हा समज चुकीचा आहे. नगावरच्या कामातही निष्क्रिय वेळेचा खर्च होतोच. तो फक्त मजुरीच्या रकान्यातून निघून किमान वेतनाच्या हमीपोटी द्याव्या लागणाऱ्या पूरक रकमेत आणि उपरिव्ययात, म्हणजे भाडे-घसाऱ्यासारख्या सामाईक खर्चात, जाऊन बसतो.

इंदूरमध्ये या प्रश्नाला जुनी पार्श्वभूमी आहे. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी या कापडगिरण्यांनी शहराच्या कामगार वस्त्या घडवल्या. भारतीय कापडगिरण्यांत मागावरच्या विणकरांना सामान्यतः उतरलेल्या कापडाप्रमाणे मजुरी मिळे, तर इतर अनेक खात्यांतील कामगार काळाच्या हिशेबावर असत. म्हणजे एकाच छपराखाली दोन्ही पद्धती नांदत. गिरण्या बंद पडल्या, पण हे मिश्रण शहरातील तयार कपड्यांच्या धंद्यात आजही दिसते. कटाईचा मास्टर, मदतनीस आणि तपासणारा बहुधा पगारावर असतो, शिलाई करणारा नगावर. पुढील उदाहरण अशाच एका काल्पनिक शिलाईखात्याचे आहे आणि त्यातील आकडे हिशेब समजण्यासाठी सोयीचे घेतले आहेत.

मजुरी परिव्यय लेख्यांत, म्हणजे उत्पादनखर्चाच्या हिशेबात, येते ती दोन वेगळ्या कागदांवरून. हजेरीपत्रकावरून कामगार किती वेळ कारखान्यात होता हे कळते व त्यावरून त्याचे देणे ठरते. जॉब कार्डावरून त्याने ती वेळ कोणत्या ऑर्डरवर घालवली हे कळते व त्यावरून मजुरीची वाटणी होते. हजेरीची मिनिटे आणि जॉब कार्डांवरची मिनिटे यांतला फरक म्हणजे निष्क्रिय वेळ. तिचे पुढे दोन भाग करावे लागतात. फाटकापासून मशीनपर्यंत जाणे, बॉबिन भरणे, सुई बदलणे, चहा, एक बंडल संपून दुसरे हाती येईपर्यंतची वाट, ही वेळ कितीही चांगल्या व्यवस्थेत जाणारच. ती सामान्य निष्क्रिय वेळ. वीज गेली, कटाईकडून माल आला नाही, मशीन बिघडली, काम बंद पडले, तर ती वेळ असामान्य. सामान्य वेळेचा भार उत्पादनाने सोसायचा असतो. असामान्य वेळेचा खर्च नगांच्या परिव्ययात न घेता परिव्यय नफा-तोटा खात्यात टाकायचा असतो, कारण शर्टाची किंमत ठरवताना गेलेली वीज त्यात मिसळली तर ती किंमत पुढच्या ऑर्डरसाठी मापदंड म्हणून निरुपयोगी होते. भारतीय परिव्यय लेखापाल संस्थेच्या कर्मचारी परिव्ययावरील सातव्या परिव्यय लेखा मानकातही असामान्य कर्मचारी खर्च परिव्ययाबाहेर ठेवण्याचे तत्त्व आहे.

आता एक दिवस घेऊ. लहान मुलांच्या शर्टांना कॉलर लावणाऱ्या कारागिराचा रोज 480 रुपये असून जेवणाची सुटी सोडून पाळी 8 तासांची, म्हणजे 480 मिनिटांची आहे. त्यातील 48 मिनिटे सामान्य निष्क्रिय वेळ म्हणून गृहीत आहेत. उरतात 432 मिनिटे. एका कॉलरला 3 मिनिटे लागतात, म्हणून पूर्ण दिवसात 144 नग निघतात. त्या दिवशी मात्र वीज गेल्यामुळे 72 मिनिटे मशीन उभी राहिली आणि 360 मिनिटांत 120 नगच झाले.

कारागीर रोजावर असेल तर 480 रुपये 480 मिनिटांनी न भागता 432 ने भागायचे. दर मिनिटाला सुमारे 1 रुपया 11 पैसे येतो. हा वाढीव दर म्हणजे सामान्य निष्क्रिय वेळ पोटात घेतलेला दर होय. 360 मिनिटांचे 400 रुपये चालू कामाच्या खात्यात जातात आणि 72 मिनिटांचे 80 रुपये परिव्यय नफा-तोटा खात्यात. मजुरी आधी जेथे नोंदली जाते त्या वेतन नियंत्रण खात्याला 480 नावे पडले होते, ते या दोन नोंदींनी पूर्ण निघून जातात. काही हिशेबनीस असामान्य वेळेला 1 रुपया हाच मूळ दर लावून 72 रुपये बाहेर काढतात व 408 रुपये नगांवर ठेवतात. यात बुडालेल्या वेळेच्या वाट्याचे 8 रुपये विनाकारण शिवलेल्या नगांच्या माथी बसतात, म्हणून वाढीव दराची रीतच अधिक बरोबर आहे.

तोच कारागीर नगाला 3 रुपये 50 पैसे या दराने काम करत असेल तर पूर्ण दिवसात तो 504 रुपये मिळवतो. वीज गेलेल्या दिवशी 120 नगांचे 420 रुपये. मालकाच्या मनातला हिशेब बहुधा येथेच थांबतो. परंतु 1948 च्या किमान वेतन कायद्यात असलेली आणि 2019 च्या वेतन संहितेतही आलेली तरतूद अशी की जेथे किमान वेतन काळाच्या दराने ठरवले आहे, तेथे नगावर काम करणाऱ्यालाही त्याहून कमी देता येत नाही. उदाहरणात दिवसाची हमी 480 रुपये धरली, तर 60 रुपये पूरक द्यावे लागतात. हे 60 रुपये नगांच्या मजुरीत मिसळायचे नाहीत. नग कमी होण्याचे कारण वीज जाणे हे असेल तर ते असामान्य खर्च म्हणून नफा-तोटा खात्यात जातात. कारागीर नवखा असल्यामुळे नग कमी निघाले असतील तर ती शिकण्याच्या काळातली अपेक्षित बाब ठरते आणि रक्कम खात्याच्या उपरिव्ययात जाते. रक्कम एकच, पण कारणाप्रमाणे जागा बदलते, म्हणून पूरक रकमेच्या नोंदीसमोर कारण लिहिलेले नसेल तर नंतर कोणालाही ती योग्य ठिकाणी टाकता येत नाही.

दुसरा भाग उपरिव्ययाचा आहे आणि तो जास्त निसटतो. भाडे, घसारा, देखरेख यांचा त्या मशीनवर रोजचा 216 रुपये भार आहे असे समजू. 432 मिनिटांवर तो मिनिटाला 50 पैसे, म्हणजे नगाला दीड रुपया पडतो. 120 नग झाले तेव्हा 180 रुपयेच वसूल झाले. 36 रुपये उरले. मजुरी कोणत्याही पद्धतीने दिलेली असो, भाडे थांबलेले नाही. नगावरच्या पद्धतीत त्या 72 मिनिटांनी मालकाचे 60 अधिक 36, असे 96 रुपये नेले. रोजावरच्या पद्धतीत 80 अधिक 36, असे 116. एकूण खर्च पाहिला तर दोन्हीकडे त्या दिवशी 696 रुपयेच गेले. फुकट समजलेली वेळ आणि महाग समजलेली वेळ यांत फक्त 20 रुपयांचे अंतर निघते, आणि नगावरच्या कारागिराच्या कमाईतून 24 रुपये गेले ते वेगळेच. त्या रकमेची नोंद कारखान्याच्या कोणत्याही खात्यात होत नाही.

निष्क्रिय वेळ दडवली जात आहे हे ओळखण्याच्या खुणा दोन्ही पद्धतींत निराळ्या असतात. रोजावरच्या कामात जॉब कार्डांची बेरीज दररोज नेमकी 480 मिनिटे येऊ लागली तर समजावे की रिकामी मिनिटे कोणत्या तरी सोयीच्या ऑर्डरवर चढवली जात आहेत. खऱ्या कार्डांवर थोडा फरक राहतोच. बहुधा मोठ्या आणि सैल हिशेबाच्या ऑर्डरवर ही मिनिटे चढतात, ती ऑर्डर तोट्यात दिसते आणि पुढच्या वेळी तिचा भाव उगाच चढा सांगितला जातो. नगावरच्या कामात मिनिटांची नोंदच नसते. तेथे बंडलची कुपने मोजून पैसे दिले जातात, आणि कारागीर चांगल्या दिवसाची काही कुपने राखून पुढच्या पडलेल्या दिवशी दाखवतो, त्यामुळे दोन्ही दिवस सारखे दिसतात. कुपनावर बंडल दिल्याची व परत आल्याची वेळ लिहिली आणि मशीन बंद पडल्याची एक साधी वही लाइनवर ठेवली, तर हा पडदा दूर होतो. नगावर पैसे देणाऱ्याला वेळेची नोंद ठेवण्याचे कारण नाही असे जे म्हटले जाते, ते मजुरीपुरते खरे आहे, परिव्ययापुरते नाही.

येथे संथपणा आणि निष्क्रियता यांचा घोटाळा होऊ देऊ नये. वीज असताना कारागिराने 432 मिनिटांत 120 नग केले तर वेळ वाया गेली नाही, गती कमी पडली. आधी ठरवलेल्या खर्चाशी प्रत्यक्ष खर्च ताडून पाहणाऱ्या प्रमाण परिव्यय पद्धतीत हा फरक श्रम कार्यक्षमता विचरण म्हणून दाखवला जातो, तर बंद मशीनचा फरक निष्क्रिय वेळ विचरण म्हणून. पहिल्याचे उत्तर शिक्षणात, मशीनच्या मांडणीत किंवा दराच्या फेरविचारात शोधायचे असते. दुसऱ्याचे कटाईच्या वेळापत्रकात आणि विजेच्या सोयीत.

बुडालेले नग भरून काढण्यासाठी जादा वेळ काम घेतले तर कायद्याप्रमाणे सामान्य दराच्या दुप्पट मोबदला द्यावा लागतो. त्यातील सामान्य दराचा भाग नगांवर जातो. वरचा अधिभार मात्र ज्या कारणाने जादा वेळ लागली त्याच्यामागे जातो : ग्राहकाने घाई केली म्हणून असेल तर त्याच्या ऑर्डरवर, हंगामात नेहमीच लागत असेल तर उपरिव्ययात, आणि वीज गेल्यामुळे असेल तर पुन्हा नफा-तोटा खात्यात.

घरी नेऊन काज-बटण किंवा शिलाई करून देणाऱ्यांचा हिशेब मात्र या चौकटीत बसत नाही. तेथे मशीन, जागा आणि वीज काम करणारीची असते. बंडल उशिरा आले तर वाट पाहण्याची वेळही तिचीच जाते. कारखान्याच्या लेख्यांत हा खर्च बाहेर दिलेल्या कामाचा प्रत्यक्ष खर्च म्हणून येतो, त्यात निष्क्रिय वेळेचा भाग नसतो आणि उपरिव्ययही जवळपास नसतो. म्हणून घरच्या कामाचा नगाचा दर कारखान्यातील 3 रुपये 50 पैशांशी ताडून पाहणे चूक आहे. तुलना करायचीच असेल तर ती मजुरी आणि उपरिव्यय मिळून होणाऱ्या 5 रुपयांशी करावी लागते, आणि बंडल पोहोचवण्याचा, आणण्याचा व सदोष नग पुन्हा उसवून शिवण्याचा खर्च घरच्या दरात मिळवूनच करावी लागते.