‘ताण’ म्हणजे काय रे भाऊ? मित्राचा कच्चा लेख वाचताना

काटोलकडच्या एका संत्रा बागायतदाराच्या मुलाने यंदाच्या बहारावर सातशे शब्दांचा लेख लिहिला आणि नागपूरच्या धरमपेठेत राहणाऱ्या मैत्रिणीला वाचायला पाठवला, असं समजू. बरोबर एकच ओळ: ‘कसा वाटला ते खरं सांग.’ लेखातला तिसरा परिच्छेद असा आहे:

‘डिसेंबरात बागेला ताण दिला. पानं सुकली की ताण तोडायचा आणि आंबवणी द्यायची. यंदा अवकाळी पावसाने ताण नीट बसला नाही, म्हणून अर्धी झाडं मृगावर गेली.’

बागायतदाराला यात अडण्यासारखं काही नाही. पाणी तोडून झाडाला काही आठवडे उपाशी ठेवणं म्हणजे ताण. त्यानंतरचं पहिलं हलकं पाणी म्हणजे आंबवणी. ताण चांगला बसला तर जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहाराची फुलं येतात. तो बहार हुकला तर पावसाळ्याच्या तोंडावर फुलणाऱ्या मृग बहाराची वाट पाहावी लागते. शहरातल्या वाचकाला मात्र झाडांना कसलं टेन्शन आलं, हे कळत नाही आणि ती ‘मृगावर’ कशी गेली, हे तर मुळीच कळत नाही.

लिहिणाऱ्याला हे दिसत नाही, यात त्याचा आळस नाही. 1990 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला. एकाने ओळखीच्या गाण्याची चाल टेबलावर बोटांनी वाजवायची आणि दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात 120 पैकी फक्त 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं सुरू असतं, ऐकणाऱ्याच्या कानावर नुसती टकटक पडते. एखादी गोष्ट ठाऊक झाली की ती ठाऊक नसताना कसं वाटतं, हे मनात आणणं जवळपास अशक्य होतं. म्हणून मित्राला तुमच्याकडून हवी असते ती टकटक जशी ऐकू आली तशी सांगितलेली. त्याच्या लेखनकौशल्याचा निकाल त्याला नको असतो.

निकाल दिला की काय होतं, याचाही अभ्यास झालेला आहे. अवराहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांनी 1996 मध्ये अभिप्रायावरच्या जुन्या संशोधनांचे सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा झाला होता, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्राय मिळाल्यावर काम आधीपेक्षा बिघडलं होतं. त्यांचं स्पष्टीकरण असं की लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे’ याकडे वळलं की अभिप्रायाचा उपयोग घटतो. ‘तू फार तांत्रिक लिहितोस’ हे वाक्य नेमकं तेच करतं, कारण त्यात लेख नाही, मित्र आहे. ‘तू जबरदस्त लिहितोस’ या वाक्याचंही तसंच. ते कानाला गोड लागतं, पण तिसऱ्या परिच्छेदाचं काय करायचं हे त्यातून कळत नाही.

म्हणून मैत्रिणीने आधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: लेख कोणासाठी आहे आणि त्यात अजून किती फिरवाफिरव करायची तयारी आहे. उद्या सकाळी छापायला जाणार असेल तर रचनेवर बोलणं म्हणजे नुसता त्रास देणं, तेव्हा चुका तेवढ्या दाखवाव्यात. आठवडाभर हातात असेल तर उलट करावं, शुद्धलेखनाला हातच लावू नये. ऱ्हस्व-दीर्घ आधी सुधारले की मित्र तीच वाक्यं घासत बसतो आणि उद्या जो परिच्छेद उडवायचा आहे त्याच्यावर त्याचा जीव जडतो.

पहिलं वाचन हातात पेन न घेता, एका दमात करावं. दुसऱ्या वाचनात समासात तीनच खुणा कराव्यात: अडलो तिथे प्रश्नचिन्ह, नजर पुढे पळाली तिथे नागमोडी रेघ, मन रमलं तिथे बरोबरची खूण. नजर पळणं महत्त्वाचं आहे, कारण ते वाचक सहसा कबूल करत नाहीत. खुणा पंधरा झाल्या तरी सांगायच्या तीनच, आणि सर्वांत मोठी आधी. उरलेल्या बहुतेक खुणांचं मूळ त्या मोठ्या अडचणीतच असतं. या लेखात सहा प्रश्नचिन्हं पडली असतील तर त्यातली चार ‘ताण’ न समजल्यामुळे पडलेली असतील.

आता सांगायचं कसं? ‘तिसरा परिच्छेद क्लिष्ट आहे’ म्हटलं की मित्र वाद घालू शकतो, कारण ते मत आहे. ‘ताण दिला इथे मी थांबले, मला वाटलं झाडाला रोग पडला. मृगावर गेली हे दोनदा वाचलं, तरी कळलं नाही’ यावर वाद होत नाही, कारण ते वाचताना खरोखर घडलेलं आहे. नवं वाक्य लिहून देऊ नये. तुमचं वाक्य त्याच्या लेखात ठिगळासारखं दिसतं आणि बागेतली माहिती तर त्याच्याकडेच आहे.

बरोबरच्या खुणाही तितक्याच नेमक्या सांगाव्यात. आंबवणीच्या रात्री सुकल्या मातीने पाणी पिताना येणारा आवाज त्याने दोन ओळींत लिहिला असेल तर ‘याला हात लावू नको’ असं सांगायलाच हवं. पुनर्लेखनात चांगल्या ओळी फार सहज कापल्या जातात, कौतुक त्यांना वाचवतं. कडू गोळीभोवतीचा गूळ म्हणून कौतुक वापरलं की मित्र ‘पण’ कधी येतो याची वाट पाहत बसतो आणि कौतुक ऐकतच नाही.

हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करण्यापेक्षा फोनवर किंवा चहाच्या टपरीवर बोलावं. जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये लोकांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने कळवायला सांगितली. सूर 78 टक्के वेळा ओळखला जाईल, असं पाठवणाऱ्यांना वाटत होतं. आवाजात तो सुमारे 73 टक्के वेळा ओळखला गेला, ईमेलमध्ये 56 टक्के, म्हणजे नाणेफेकीपेक्षा थोडाच बरा. तुम्ही मायेने लिहिलेलं ‘हे कळलं नाही बे’ त्याला वैतागून लिहिलेलं वाटू शकतं. बोलून झाल्यावर तीन मुद्दे लिहून पाठवावेत, म्हणजे विसरायला होत नाही.

बोलताना एक क्षण हमखास येतो. मित्र म्हणतो, ‘अगं, म्हणजे डिसेंबरात पाणी बंद करतो ना आम्ही, झाड सुकवतो, म्हणजे मग ते एकदम फुलतं.’ अशा वेळी बरेच जण ‘हाव, आता समजलं’ म्हणून विषय सोडून देतात. तसं न करता म्हणावं, ‘हेच लिही ना, असंच्या असं.’ तोंडून निघालेलं ते स्पष्टीकरण म्हणजेच लेखातून गळलेलं वाक्य. हाताशी कागद असेल तर ते तिथल्या तिथे त्याच्याच शब्दांत उतरवून त्याला द्यावं.

तो काहीच न समजावता ‘बरं, बघतो’ एवढंच म्हणाला तर मुद्दे जास्त झाले किंवा बोलणं लेखावरून त्याच्यावर घसरलं, असं समजावं. मग एकच मुद्दा ठेवून बाकीचे त्या दिवसापुरते सोडून द्यावेत.

दुसरा खर्डा आला की मैत्रीण पूर्वीसारखी वाचक उरलेली नसते. तिला आता ताण, आंबवणी, मृग बहार सगळं ठाऊक आहे, त्यामुळे परिच्छेद अजून अर्धवट असला तरी तिला तो सरळ वाचता येईल. मित्राने तो खर्डा नागपूरच्याच महाल भागातल्या एखाद्या काकूंना द्यावा, ज्यांनी संत्री फक्त बाजारातून डझनाने आणली आहेत, आणि वाचून झाल्यावर एवढंच विचारावं: ‘काकू, ताण म्हणजे काय, सांगता का?’