डागाचा फोटो: फ्लॅश की खिडकी?

"डॉक्टरांना डागाचा फोटो पाठवताना फ्लॅश लावा आणि मोबाइल अगदी जवळ धरा, म्हणजे सगळं स्पष्ट दिसतं."

अंधारात फ्लॅशने वस्तू दिसते, म्हणून हे पटतं. पण फ्लॅश लेन्सला चिकटूनच असतो. त्याचा उजेड समोरून पडतो, त्यामुळे उंचवट्याची सावली जवळजवळ पडतच नाही आणि उठलेला तीळ सपाट भासतो. त्वचा तेलकट असेल तर वर पांढरी चकाकी येते, तिच्याखाली खरा रंग हरवतो. आणि फार जवळ गेलं की अनेक मोबाइलना फोकसच जमत नाही.

स्वतःच्या हातावरच्या तिळावर ताडून पाहा. एक फोटो फ्लॅशने, अगदी जवळून घ्या. दुसरा दिवसा खिडकीपाशी, पण थेट उन्हात नको. घरातले दिवे बंद करा, पिवळ्या बल्बने रंग बदलतो. उजेड एका बाजूने येऊ द्या, मोबाइल वीतभर लांब धरा, थोडा झूम करून स्क्रीनवर दिसणाऱ्या तिळावर बोट टेकवा. शेजारी पांढरा कागद आणि मोजपट्टी ठेवा: कागद पिवळट दिसला तर त्वचेचा रंगही चुकलाय. ब्युटी फिल्टर बंद हवाच, तो पोतच पुसून टाकतो.

दोन्ही फोटो मोठे करून तिळाची कड बघा.